खोडरबर नसलेली पेन्सिल

कपाटाच्या खालच्या खणात जुन्या केसेसच्या फायली असतात. त्यातली एक मागच्या वर्षी जूनमध्ये मी बाहेर काढली आणि जमिनीवर बसूनच वाचायला लागले, चहा तिथेच गार झाला. फाईल माझीच, अक्षर माझं, खालची सही माझी. आणि रिपोर्ट चुकलेला.

चुकलेला म्हणजे एकही आकडा खोटा नव्हता, बेरजा बरोबर होत्या, तक्ते बरोबर बघितले होते. तरी चुकलेला.

मी मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या करते, बावीस वर्षं झाली. हा मुलगा, याला निनाद म्हणूया (नाव बदललंय, गाव आणि शाळा सांगत नाही, आईला विचारूनच लिहितेय), तो पहिल्यांदा आला तेव्हा ८ वर्षं २ महिन्यांचा होता, तिसरीत. शाळेची तक्रार होती की वर्गात तोंडी सगळं येतं, वहीत काहीच नसतं, अक्षर वाईट, काम अर्धवट आणि जरा काही बोललं की रडतो नाहीतर कागद फाडतो. शाळेला आयक्यू हवा होता. शाळेच्या फॉर्मवर एकच रकाना होता, "आयक्यू : ____". मी चाचणी केली, रकान्यात ११८ लिहिलं, खाली लिहिलं की बुद्धी सरासरीपेक्षा वरची आहे, लेखनाचा सराव वाढवावा, भावनिक परिपक्वता कमी वाटते, पालकांनी शिस्त आणि दिनक्रमाकडे लक्ष द्यावं. आई बिचारी थँक्यू म्हणून गेली.

सराव वाढवला त्यांनी. दोन वर्षं रोज एक पान शुद्धलेखन. मग मागच्या जूनमध्ये आईचा फोन आला, "मॅडम, ओळखलंत का? तुमच्याकडे निनादला आणलं होतं. आता तो वही उघडायलाच तयार नाहीये. आणि काल म्हणाला की मला हात नसता तर बरं झालं असतं."

म्हणून ती फाईल.

आता त्या फाईलमध्ये काय होतं ते जरा सावकाश सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. ही चाचणी म्हणजे विस्क, चौथी आवृत्ती, भारतीय नॉर्म्सवाली, म्हणजे मुलाचे गुण त्याच वयाच्या भारतीय मुलांशी ताडून बघणारी. ६ वर्षांपासून १६ वर्षं ११ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यात दहा मुख्य उपचाचण्या असतात, प्रत्येकीचा गुण १ ते १९ मध्ये येतो आणि १० म्हणजे त्या वयाचा मधला. या दहा उपचाचण्यांचे चार गट पडतात : शब्दांनी विचार करणं, आकृत्यांनी विचार करणं, डोक्यात माहिती धरून ठेवून तिच्यावर काम करणं आणि साधं काम किती पटपट होतं ते. चारही गटांचा मध्य १००, आणि चारही मिळून शेवटी जो एक आकडा निघतो तो सगळ्यांना माहीत असलेला आयक्यू.

निनादचा शब्दांचा गट १३२. आकृत्यांचा १२९. डोक्यात धरून ठेवायचा ९९. वेगाचा ८०.

परत बघा. १३२ आणि ८०. पहिल्या आकड्यावर शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं त्याच्या मागे आहेत आणि शेवटच्या आकड्यावर नव्वदच्या वर मुलं त्याच्या पुढे आहेत. एकच मुलगा, एकाच सकाळी, एकाच खुर्चीवर. आमच्या धंद्यात एक साधा नियम शिकवतात की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गट यांत २३ किंवा जास्त अंतर असेल तर एकत्रित आकड्याला फारसा अर्थ उरत नाही, तो सांगू नये, किंवा सांगितलाच तर खुलासा करून सांगावा. इथे अंतर ५२ होतं. आणि मी ११८ लिहून मोकळी झाले, कारण फॉर्मवर रकाना एकच होता. आता हे कारण म्हणून लिहिताना लाज वाटते पण खरं कारण तेच आहे.

११८ ने काय केलं? दोन्ही बाजू झाकल्या. मुलगा इतका हुशार आहे की तिसरीच्या पुस्तकात त्याला काही उरलेलं नाही, हे झाकलं. आणि त्याच्या हाताचं काहीतरी खरंच अडतंय, हेही झाकलं. हुशारीने अडचण सावरून घेतली, अडचणीने हुशारी खाली ओढली आणि मध्ये "बरा आहे, पण आळशी आहे" असा एक मुलगा तयार झाला जो मुळात अस्तित्वातच नव्हता. अशा मुलांना हल्ली टू-ई म्हणतात, दोन्ही टोकांना वेगळी असलेली मुलं. मराठीत मी दुहेरी वेगळेपण म्हणते, आईवडिलांना ते पटकन कळतं. आपल्याकडे प्रज्ञावंत म्हटलं की डोळ्यासमोर १९६२ साली पुण्यात सुरू झालेली ज्ञान प्रबोधिनी येते, नाहीतर स्कॉलरशिपची परीक्षा, नाहीतर होमी भाभा परीक्षा. म्हणजे कागदावर उतरवता येणारी हुशारी. ज्याची कागदाशीच दुश्मनी आहे असा हुशार मुलगा आपल्या चित्रात बसतच नाही.

गटांचे आकडे तरी वरवरचे. फाईलमध्ये मागच्या पानावर, समासात मी स्वतःच खरडलेल्या नोंदी होत्या आणि त्या वाचताना मला घाम फुटला, कारण सगळं तिथे होतं. एक नोंद अशी : "कोडिंग — खोडरबर मागितला. नाही म्हटल्यावर डोळ्यात पाणी."

कोडिंग ही वेगाच्या गटातली उपचाचणी. आकड्यांखाली ठरलेली छोटी छोटी चिन्हं भराभर काढत जायची, १२० सेकंद. मुद्दामच खोडरबर नसलेली पेन्सिल देतात, खोडत बसला तर वेळ जातो म्हणून. निनादने पहिलं चिन्ह काढलं, त्याला ते तिरकं वाटलं, खोडरबर मागितला, मिळाला नाही, मग त्याच चिन्हावर त्याने पुन्हा गिरवलं, पुन्हा गिरवलं, पेन्सिल इतकी दाबून की मागच्या पानावर उठाव आला. असं करत करत दोन मिनिटांत २९ चिन्हं. गुण ५. चुका शून्य.

चुका शून्य हे मी तेव्हा लिहिलं होतं आणि त्याच्यावर विचार केला नव्हता. कमी वेगाची दोन कारणं पूर्णपणे वेगळी असू शकतात. एक, हात हळू आहे. दोन, हात बरा आहे पण मन सोडत नाही, प्रत्येक चिन्ह छापल्यासारखं हवं. आकडा दोन्हीत ५ च येईल. आणि पुढचा उपाय बरोबर उलटा आहे, एकात हातावर काम करायचं आणि दुसऱ्यात भीतीवर, म्हणजे चुकीचा निवडला तर मुलाचं नुकसानच. मी तिसराच निवडला होता, शुद्धलेखन.

दुसरी नोंद : "माहीत नाही — अनेकदा. पण चेहरा माहीत असल्यासारखा." खरे प्रश्न सांगता येत नाहीत, सांगायचेही नसतात, पण तसाच एक बनवून सांगते. समजा विचारलं की नदी आणि रस्ता यांत सारखं काय? बहुतेक मुलं म्हणतील दोन्ही लांब असतात, किंवा दोन्हीवरून जाता येतं, आणि पुढे जातील. निनादसारखा मुलगा खिडकीबाहेर बघतो, अर्धा मिनिट जातो, मग म्हणतो "माहीत नाही". नंतर चाचणी संपल्यावर चपला घालताना सांगतो की दोन्ही कुठेतरी नेतात, पण नदी स्वतःसुद्धा जाते आणि रस्ता जात नाही, म्हणून ते सारखं आहे असं म्हणायचं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. चपला घालताना दिलेल्या उत्तराला गुण नाही. परफेक्शनिस्ट मूल अंदाज करत नाही. अंदाज करणाऱ्या मुलाला अर्धवट उत्तराचा एक गुण तरी मिळतो, याला शून्य. म्हणजे तो १३२ सुद्धा बहुतेक कमीच होता.

आणि तिसरी गोष्ट फाईलमध्ये नव्हती, ती मला खूप उशिरा सुचली. ही चाचणी बनवलीच अशी आहे की प्रत्येक मूल शेवटी चुकतं. प्रश्न अवघड होत जातात आणि ओळीने ठरावीक संख्येने चुकले की ती उपचाचणी थांबवायची. म्हणजे वेगाच्या उपचाचण्या सोडल्या तर जवळजवळ प्रत्येक उपचाचणीचा शेवट लागोपाठच्या अपयशावर. सर्वसाधारण मुलाला याचं काही वाटत नाही, त्याला चुकायची सवय असते. पण जो मुलगा वर्गात कधी चुकलेलाच नाही, आणि जो सोळा वर्षांच्या मुलांसाठीच्या प्रश्नांपर्यंत पोचतो, तो आयुष्यात पहिल्यांदा लागोपाठ चार-पाच वेळा चुकतो ते माझ्यासमोर, अनोळखी बाईसमोर, आणि लगेच पुढची उपचाचणी सुरू होते. रडणारच. मी लिहिलं होतं "भावनिक परिपक्वता कमी". मी त्याला साधं सांगितलंसुद्धा नव्हतं की बाळा, यातले शेवटचे प्रश्न दहावी-अकरावीच्या मुलांचे आहेत, ते तुला यावेत अशी अपेक्षाच नाहीये.

जूनमध्ये तो परत आला तेव्हा १० वर्षं १ महिन्याचा. उंच झाला होता. आत आल्या आल्या म्हणाला, "तुम्ही त्या टेस्टवाल्या मावशी. तुमच्याकडची पेन्सिल वाईट होती."

या वेळी मी पहिल्या दिवशी काहीच चाचणी केली नाही. आईला सांगितलं होतं, दोन वर्षांच्या सगळ्या वह्या आणा, फाटक्यासुद्धा. मी त्या जमिनीवर पसरल्या. एक मराठीची वही २०० पानांची होती, त्यात पानं उरली होती ७४. बाकीच्यांचे मधल्या शिलाईजवळ फक्त कडा. पहिलं पान सुरेख, वर तारीख, खाली लाल रेघ, अक्षर ठसठशीत, प्रत्येक शब्दावर शिरोरेघ पट्टीने मारलेली. पट्टीने! दुसऱ्या पानावर अक्षर ढिलं झालेलं. तिसरं फाडलेलं. मग पुन्हा एक सुरेख पान, मग पुन्हा कडा. प्रत्येक वहीत हेच. मी कडा मोजत होते आणि तो बाजूला बसून म्हणाला, "ती पानं वाईट नव्हती. ती खोटी होती. मी मनात जे लिहिलं होतं ते ते नव्हतं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आईने मग वॉचमनकाकांची गोष्ट सांगितली. निनादचा नववा वाढदिवस, पिझ्झा मागवलेला. त्याने आदल्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनकाकांना पगार विचारला होता, नऊ हजार, ड्युटी बारा तास, महिन्याचे तीस दिवस. केक कापायच्या आधी त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की काकांना तासाला पंचवीस रुपये मिळतात आणि हा पिझ्झा साडेतीनशेचा आहे, म्हणजे चौदा तास. आणि रडायला लागला, आतल्या खोलीत गेला, पाहुणे गेले तरी बाहेर आला नाही. पुढचे चार दिवस रात्री जेवला नाही. आजी म्हणाली नाटकं आहेत. वडील म्हणाले फार लाड झालेत. दहाव्या वर्षी भागाकार सगळ्यांनाच येतो, पण तो भागाकार करून त्या माणसाच्या रात्री डोळ्यासमोर आणणं आणि ते पेलायला मात्र वय नऊचंच असणं, हे विचित्र ओझं आहे. डोकं चौदाचं, मन नऊचं, आणि हात (हे तेव्हा मला माहीत नव्हतं) सहाचा.

भावनांच्या या तीव्रतेवर लिहिताना बरेच जण पोलंडचे मानसोपचारतज्ज्ञ काझिमिएर्झ डाब्रोव्स्की यांचं नाव घेतात, त्यांनी अतिसंवेदनशीलतेचे पाच प्रकार सांगितले होते. मला ती मांडणी आवडते पण मी रिपोर्टमध्ये वापरत नाही. एक तर सगळ्या हुशार मुलांमध्ये ती जास्त असते असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. आणि दुसरं म्हणजे ती पांघरुणासारखी वापरली जाते. मूल गिफ्टेड आहे ना, म्हणून असं करतं, संपलं. मग त्या पांघरुणाखाली चिंतेचा आजार असो, एडीएचडी असो, की हाताची अडचण असो, कोणी बघतच नाही. मी त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारते, हे कुठे होतं आणि कुठे होत नाही?

निनादच्या बाबतीत या प्रश्नानेच दार उघडलं. बुद्धिबळात हरला तर काय करतो? काही नाही, पुन्हा मांडतो. तोंडी गणित चुकलं तर? हसतो, "अरे हो, हातचा विसरलो." लॅपटॉपवर स्क्रॅचमध्ये गेम बनवतो, तो पन्नास वेळा बिघडतो, तर? आई म्हणाली, "तासन् तास दुरुस्त करत बसतो मॅडम, कुरकुर नाही." म्हणजे चुकीची भीती सगळीकडे नव्हती. अनोळखी माणसासमोर तोंडी उत्तर देताना थोडी होती. पण कागद फाडणं, हात आपटणं, किंचाळणं हे फक्त पेन्सिल हातात असताना. मी त्याला विचारलं की स्क्रॅचमध्ये चुकलं तर राग का नाही येत? तो म्हणाला, "तिथे खोडलं की खोडलेलं दिसत नाही."

जे परफेक्शनिझम स्वभावातून येतं ते सहसा असं जागा बघून येत नाही. जिथे कुवत आणि अपेक्षा यांत मोठी दरी आहे तिथेच ते उसळत असेल, तर आधी दरी मोजायला हवी.

मग मोजली. सकाळी साडेनऊची वेळ, दोन दिवसांत विभागून, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवलं की शेवटचे प्रश्न मोठ्या मुलांचे आहेत, "माहीत नाही" म्हणायच्या आधी एक अंदाज माझ्यासाठी करायचा, चुकला तरी मी तोंड वाकडं करणार नाही. एवढ्याने तो बराच मोकळा झाला. शब्दांचा गट पुन्हा तिकडेच, थोडा वरच. वेगाच्या गटात तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. कोडिंग, ज्यात आकार घडवावा लागतो, त्याचा गुण पुन्हा ५. सिंबल सर्च, ज्यात बघायचं आणि नुसती एक रेघ मारायची, तो ८. आणि कॅन्सलेशन म्हणून एक जादाची उपचाचणी असते, भरपूर चित्रांतून फक्त प्राण्यांवर काट मारत जायचं, तो ११. म्हणजे डोळे आणि डोकं पटपट चालतात. रेघ मारायला हात चालतो. हाताला आकार बनवायला सांगितला की गाडी चिखलात रुतते.

राहिला भीतीचा वाटा. नियमाप्रमाणे चाचणी पूर्ण झाल्यावर, गुण लिहून झाल्यावर, मी त्याला कोडिंगचा कोरा कागद पुन्हा दिला आणि म्हटलं, आता सुबकपणाला शून्य मार्क, कोंबडीच्या पायासारखं काढ, फक्त पळ. हा प्रयोग गुणांत धरायचा नसतो, तो फक्त समजण्यासाठी. पहिल्यांदा ३४ चिन्हं आली होती, आता ३८. त्या चारांतही थोडा भाग सरावाचा. सुबकपणा सोडायची परवानगी दिल्यावर तो दीडपट पळाला असता तर मी म्हटलं असतं भीती. चार चिन्हं म्हणजे भीतीचा वाटा आहे पण छोटा. बाकी हात.

त्यानंतर लिहायचं काम. समोर बघून उतरवायला एक उतारा, मग तेवढ्याच लांबीचा श्रुतलेखनाला, मग स्वतःच्या मनाने गोष्ट, आणि शेवटी तोंडी गोष्ट जी मी रेकॉर्ड केली. तोंडी गोष्ट चार मिनिटांची, एका सुगरणीची, जिचं घरटं दरवर्षी अर्धवट राहतं कारण तिला गाठ आवडत नाही, मी टाईप करून काढली तर पाचशेच्या वर शब्द. हाताने लिहिलेली गोष्ट, वीस मिनिटांत, साडेतीन ओळी : "एक पक्षी होता. त्याने घर केले. ते छान होते." त्याने सोपे शब्द निवडले होते, जोडाक्षर येईल असा शब्द तो टाळत होता, "सुगरण" लिहिलं नाही, "पक्षी" लिहितानासुद्धा क्ष वर दोनदा गिरवलं. श्रुतलेखनात शब्द ओळखीचे असले की शुद्धलेखन ठीक होतं, वाचन तर आठवी-नववीच्या पातळीचं. म्हणजे भाषेची अडचण नाही, अक्षर घडवण्याची आहे. पेन्सिल चारही बोटांत अंगठ्याने गुंडाळलेली, दहाव्या ओळीला मनगट झटकत होता. मी त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं की बोटांचे सांधे प्रमाणाबाहेर लवचिक आहेत, पेन्सिल स्थिर धरायला तो इतका जोर लावतो की पाच मिनिटांत हात दुखायला लागतो. आकृत्या बघून काढायच्या चाचणीत हाताचं नियंत्रण सहा-साडेसहा वर्षांच्या मुलाएवढं निघालं. दोन वर्षं या हाताकडून आपण रोज एक पान शुद्धलेखन करून घेत होतो. माझ्या सहीने.

मधल्या काळात आईने अजून एकीकडे चाचणी करून घेतली होती, तिथे १३९ आला होता आणि वडिलांचा प्रश्न होता की मग नक्की किती, ११८ की १३९, तुमचं शास्त्र आहे की लॉटरी? रास्त प्रश्न. ती चाचणी मिसिक होती, १९६९ च्या सुमाराला नागपूरला डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली. आपल्याकडे ती अजून सर्रास चालते, सरकारी कामातही चालते. तिने खूप काम केलंय, पण तिचे नॉर्म्स जुने आहेत आणि जुन्या पिढीच्या मापावर आजची मुलं सरसकट जास्त उंच दिसतात. म्हणून दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायची नसते. आणि हो, कुठेही चाचणी करून घेतली असेल तर पुढच्या माणसाला ते सांगा, लपवू नका. तीच चाचणी थोड्या महिन्यांत पुन्हा केली तर सरावाने गुण फुगतात आणि आम्हाला कळतसुद्धा नाही.

या वेळच्या रिपोर्टमध्ये मी एकत्रित आयक्यू लिहिला नाही. चार गट वेगवेगळे लिहिले आणि जनरल अ‍ॅबिलिटी इंडेक्स दिला, जो फक्त शब्द आणि आकृत्या या दोन गटांवरून काढतात. असं मोठं अंतर असलं की विचारशक्तीचा अंदाज त्याने जास्त नीट येतो. तो १३४ आला. पण वेगाचा आकडा मी गाळला नाही, कारण तो "खराब झालेला आकडा" नाहीये, तोही निनादच आहे. काही जण असं करतात की १३४ कोरायचा आणि ८० विसरायचा, म्हणजे आईवडील खूष. मग शाळा म्हणते एवढा हुशार तर लिहीत का नाही, आणि आपण पुन्हा वहीच्या तिसऱ्या पानावर.

प्रमाणपत्राचं मात्र घोडं अडलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळू शकतं, त्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती असतात. पण निदानासाठी बंगळूरच्या निमहान्स या संस्थेची जी चाचणीमाला वापरतात तिथे साधारण असं बघतात की मूल आपल्या इयत्तेपेक्षा दोन इयत्ता मागे आहे का. निनाद पाचवीत. त्याचं लेखन चौथीच्या आसपास पडलं. एकच इयत्ता मागे. कारण अवघड शब्द टाळायची, छोटी वाक्यं करायची, आठवणीवर निभावून न्यायची अक्कल त्याच्याकडे आहे. ज्या बुद्धीने डोकं चौदाचं आहे तीच बुद्धी त्याला प्रमाणपत्रापासून लांब ठेवते. त्याची तुलना इयत्तेशी होते, त्याच्या स्वतःच्या डोक्याशी नाही. तेव्हा बोर्डाच्या परीक्षेचं काय ते पुढे बघू, वय वाढेल तशी लिहायची मागणी वाढेल आणि दरी कदाचित कागदावरही दिसायला लागेल. कोणाचं मूल अजून मागे पडावं अशी वाट बघायची, हे किती चमत्कारिक आहे.

शाळेशी बोलून एवढं झालं : लांब उत्तरं टाईप करायची किंवा तोंडी सांगायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायचं नाही, फोटो मिळेल, आणि हाताने रोज फक्त तीन ओळी, त्याही थेरपिस्टने दिलेल्या. गणितात त्याला सातवीची पुस्तकं दिली, हे मी मुद्दाम अट म्हणून लिहिलं होतं, कारण नुसती अडचण दुरुस्त करत बसलं आणि डोक्याला खायला काही दिलं नाही तरी ही मुलं भडकतातच. कागद फाडणं सहा-सात आठवड्यांत बरंच कमी झालं. गेलं नाही. वॉचमनकाकांबद्दल तो अजून रडतो, ते मी कुठल्याच रिपोर्टमध्ये समस्या म्हणून लिहिलं नाही. दिवाळीत त्याने सोसायटीत फिरून त्यांच्यासाठी वर्गणी काढली, हिशोब एक्सेलमध्ये.

नोव्हेंबरमध्ये शाळेच्या ऑफिसमधून फोन आला. क्लार्क होते, बोलायला अगदी मऊ.

"मॅडम, ते निनादच्या रिपोर्टचं. आयक्यूचा रकाना तुम्ही मोकळा सोडलाय, 'मागील पान बघा' असं लिहिलंय."

"हो, मुद्दाम सोडलाय."

"नाही पण सिस्टीममध्ये आकडा टाकल्याशिवाय पुढे जात नाही ना. एकच आकडा पाहिजे. काय टाकू?"

मी त्यांना चार गटांचं सांगायचा प्रयत्न केला, दोन-तीन मिनिटं बोलले असेन, त्यांनी मधे मधे हो हो केलं. मग मागचं पान उघडल्याचा आवाज आला.

"हे १३४ टाकतो मग, हे मोठं आहे."

"तो आयक्यू नाहीये पण..."

"असू द्या मॅडम." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, वाचत असावेत. "म्हणजे पोरगा चांगलाच हुशार आहे की हो. मग ह्याला लिहायची सूट कशाला पाहिजे?"